पीटीच्या तासानंतरची चक्कर
«इन्सुलिन घेणाऱ्या मैत्रिणीला वर्गात गरगरलं तर मुलांनी काय करायचं?»

मी शाळेत नर्स आहे. सातवीला सांगते: पीटी संपून वेळ झाला तरी तिला दरदरून घाम येतोय, हात थरथरतायत, उगाच चिडतेय, तर साखर उतरली समजा. जागीच बसवा. एकटीला माझ्या खोलीकडे पाठवू नका, जिन्यातच कोसळेल. मला बोलवायला दुसऱ्या कुणीतरी पळायचं. तोवर 3 चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते (इथे वर्ग हिरमुसतो). 15 मिनिटांनी मी बोटातलं रक्त तपासते. साखर 70 mg/dL च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. शुद्ध हरपली किंवा गिळता येईना, तर तोंडात थेंबही घालायचा नाही. कुशीवर वळवायचं आणि बाईंनी 108 ला फोन लावायचा.