मदत हवी आहे : रेपो दर उतरला ते उत्पादन वाढलं, मधलं काय लिहायचं?

कावेरी_टी : परवा पेपर आहे. सराव उत्तरात लिहिलं की रेपो दर कमी झाला, कर्ज स्वस्त झालं, गुंतवणूक वाढली, उत्पादन वाढलं. मॅडमनी 4 गुण दिले आणि समासात "मधले दुवे?" एवढंच लिहिलंय. कोणते दुवे? लवकर सांगा.

भालचंद्र : कोणती परीक्षा? 4 कितीपैकी? आयएस-एलएम झालंय का?

निनाद : सोपं आहे. रेपो उतरला की बँका रिझर्व्ह बँकेकडून जास्त पैसा उचलतात आणि तोच कर्जाने देतात.

भालचंद्र : निनाद, हे अर्धंच खरं. बँकांचा बहुतेक पैसा ठेवींतून येतो, आणि जुन्या मुदत ठेवींना कबूल केलेलं व्याज मुदत संपेपर्यंत द्यावंच लागतं. म्हणून एमसीएलआरवरची, म्हणजे बँकेला स्वतःला पैसा कितीला पडतो त्यावर दर ठरणारी कर्जं रेंगाळत उतरतात. रेपोला जोडलेल्या कर्जात मात्र तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावाच लागतो. पहिला दुवा हा.

संजीवनी : 2025 मध्ये रेपो 6.50 वरून 5.25 वर आला, माझा घरकर्जाचा हप्ता जिथल्या तिथे! कर्ज 2014 चं आहे.

भालचंद्र : म्हणजे एमसीएलआरच्याही आधीच्या बेस रेट पद्धतीचं असणार. ते रेपोशी जोडून द्या असा अर्ज बँकेत करा, शुल्क आधी विचारा.

कावेरी_टी : टीवायबीए, 10 पैकी 4. आयएस-एलएम झालंय. घरकर्ज नाही, गुंतवणूक सांगा ना!

भालचंद्र : समजा 1 कोटीचं यंत्र घसारा वजा जाता वर्षाला 9.5 लाख मिळवून देईल. कर्ज 10 टक्क्यांनी असेल तर व्याजच 10 लाख, कारखानदार यंत्र घेणार नाही. रेपो 1 टक्का उतरला आणि बँकेने 0.75 उतरवला, तर व्याज 9.25 लाख, यंत्र परवडलं. बँकेने फक्त 0.25 उतरवला तर 9.75 लाख, ऑर्डर जात नाही. रेपो तेवढाच उतरला, तरी निकाल उलटा. हे लिहा. मग यंत्र बनवणाऱ्याचं उत्पन्न वाढतं, तो त्यातला काही भाग खर्च करतो, तिथून गुणक सुरू होतो. सीमांत उपभोग प्रवृत्ती 0.6 धरली तर गुणक 2.5, पण कर आणि आयातीमुळे प्रत्यक्षात तेवढा मिळत नाही.

शंतनू : हे सगळं ऑर्डरबुक भरलेलं असेल तर. फेब्रुवारी ते ऑक्टोबर 2019 मध्ये रेपो 6.50 वरून 5.15 वर आणला, तरी 2019-20 मध्ये वाढीचा वेग घसरलाच. आहे ती यंत्रंच पूर्ण चालत नसतील तर 9.25 टक्क्यांनी तरी नवं कोण घेईल?

भालचंद्र : मान्य, पण दर उतरवले नसते तर घसरण आणखी मोठी झाली असती की नाही, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.

कावेरी_टी : मग आकृतीत पैशाच्या बाजूचा एलएम वक्र उजवीकडे नेऊन मागणीच्या बाजूचा आयएस जवळजवळ उभा काढायचा?

शंतनू : हो, उभाच.

भालचंद्र : नको. उभा म्हणजे गुंतवणूक व्याजाला दादच देत नाही. 2019 चं उदाहरण देणार असाल तर मागणी पडली म्हणून आयएस डावीकडे सरकवा. एलएम उजवीकडे, आयएस डावीकडे; व्याज नक्की उतरतं, उत्पादन कुठे जाईल ते कोण जास्त सरकला त्यावर.

शंतनू : परीक्षकाला दोन्ही चालेल. मी उभा काढूनच पास झालो.