प्रतिसाद: को-वर्किंगच्या जागेत कामाच्या टेबलाचा डे पास आणि महिन्याचा दर

> "डे पास १५० केला तर रिकामी टेबलं भरतील ना? महिन्याचे ४५०० कुणी देत नाही."

टेबलं भरतील, पण महिन्याचं गिऱ्हाईक हातचं जाईल. ४५०० भागिले १५० म्हणजे ३०. महिन्यात कामाचे दिवस पंचवीस-सव्वीस, मग रोज येणाऱ्यालाही डे पासच स्वस्त पडतो. हा भागाकार तेराच्या आसपास हवा. डे पास ३५० ठेवला की आठवड्यातून तीन दिवस येणारा माणूस स्वतःच हिशोब करून महिन्याचं टेबल घेतो, आणि जळगाव-धुळ्यात नेमानं येणारे बहुतेक असेच असतात.

मी आधी खर्च धरतो. समजा २० टेबलं आहेत आणि भाडं, वीज, इंटरनेट, पगार मिळून ५४,००० लागतात. बारा मासिक सभासदांत ते निघतात, उरलेली आठ टेबलं डे पासची. मे महिन्यात एसीचं बिल चढतं, तेव्हा हा आकडा चौदावर जातो.

आखाजी-दिवाळीला पुण्याहून घरी आलेले आठवडाभर बसतात. त्यांना चालू नेट आणि शांत जागा हवी असते, ते पूर्ण दर देतात, सवलत नकोच. सवलत द्यायची तर शुक्रवार-शनिवारसारख्या ओस दिवसांपुरती द्या. दहा दिवसांचं कूपन २५०० ला काढू नका, दिवसाला २५० पडून मासिक सभासद तिकडे सरकतात. एकाला महिन्यात एकच दिलं तरी तेरा दिवस येणाऱ्याला कूपन आणि तीन डे पास मिळून ३५५० च पडतात.