मदत हवी आहे: साधं मॉइश्चरायझरही झोंबतंय, तीन सीरम जास्त होतात का?

केतकी_चिंचवड: लवकर सांगा. सकाळी व्हिटॅमिन सी, रात्री नायसिनामाइड आणि रेटिनॉल, इतकंच लावते. गाल लाल झालेत, कालपासून मॉइश्चरायझरही चरचरतंय. बारा दिवसांवर बहिणीचं लग्न आहे. यातलं कुठलं बंद करू?

माधवी७४: फेसवॉश आणि टोनर कुठला? कधी सुरू केलं? टक्के?

केतकी_चिंचवड: फेसवॉश तर धुऊन जातो, तो कशाला मोजायचा? सॅलिसिलिकवाला आहे, दोन वेळा. टोनर ग्लायकोलिक ७ टक्के, रोज रात्री. रेटिनॉल ०.५, तेही रोज. सगळं एकाच पार्सलमध्ये आलं, तीन आठवडे झाले.

रानवारा: व्हिटॅमिन सी आणि नायसिनामाइड एकत्र चालतच नाहीत. तेच कारण.

माधवी७४: ते जुनं झालं हो, बहुतेकांना चालतात. खरा मार रात्रीचा आहे. सॅलिसिलिक, ग्लायकोलिक आणि रेटिनॉल, तिन्ही जोरकस आणि एकाच रात्री. बाटल्या मोजू नका, घटक मोजा. फेसवॉश थोडा वेळच टिकतो, पण दिवसातून दोनदा झाला की तोही मोजणीत येतो. नायसिनामाइड मी जोरकसात धरत नाही, पण १० टक्के असेल तर काहींना तेही झोंबतं.

स्वरा_डी: अगं, हे पर्जिंग आहे! मलाही झालं होतं. चालू ठेव, दीड महिन्यात काच होते त्वचा.

माधवी७४: पर्जिंगमध्ये नेहमीच्याच जागी मुरुम वर येतात. मॉइश्चरायझर झोंबणं हे पर्जिंग नव्हे. चालू ठेवू नका.

स्वरा_डी: माझ्यावर तरी चाललं.

गोदाकाठ: आईच्या गालावर वांग आहेत, त्यावर ग्लायकोलिक चालेल का?

आजोळ: बेसन, हळद, लिंबू. आम्हाला काही झालं नाही.

माधवी७४: लिंबू आत्ता नकोच. केतकी, आजपासून सगळं बंद. सौम्य क्लेन्झर, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन, बस. लग्नापर्यंत नवीन काही नको. झोंबणं पूर्ण थांबल्यावर आणखी दोन आठवडे थांबा. मग एकटं रेटिनॉल: आठवड्यात दोन रात्री, वाटाण्याएवढं, कोरड्या चेहऱ्यावर, आधी मॉइश्चरायझर लावून. महिनाभर त्रास नसेल तर तिसरी रात्र. ॲसिड त्यानंतर, एकच, आणि रेटिनॉल नसलेल्या रात्री. एका वेळी एक वाढवलं की बिघडलं तर कुणामुळे ते कळतं. तुम्हाला आत्ता तेच कळत नाहीये.

केतकी_चिंचवड: म्हणजे ग्लायकोलिक वाया?

रानवारा: पायांना लाव, टाचांना.

माधवी७४: टाचांना चालेल, भेगा नसतील तर. सूज आली, पाणी सुटलं किंवा आठवड्यात लाली उतरली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मेडिकलमधून गोरेपणाची ट्यूब आणून लावलीत का कधी? त्यात स्टेरॉइड असलं तर प्रकरण वेगळं.

केतकी_चिंचवड: मागच्या वर्षी एक लावली होती, पार्लरवालीने दिलेली. नाव आठवत नाही. आणि सनस्क्रीनही झोंबतंय, त्याचं काय करू?