मदत हवी आहे: उरलेल्या कामाच्या खर्चाचा अंदाज कसा तपासू?

नमस्कार मंडळी, एका उड्डाणपुलाच्या कंत्राटाचं ऑडिट करतोय. करार 100 कोटींचा, एकूण खर्चाचा अंदाज 80, आजवर झालेला खर्च 48. म्हणून कंपनीने 60 टक्के काम धरून 60 कोटी महसूल दाखवलाय.

मला खटकतात ते उरलेले 32 कोटी. अंदाजपत्रक दीड वर्षात हललेलंच नाही, आणि सब-काँट्रॅक्टरांच्या वर्क ऑर्डरींची शिल्लकच 36 कोटी निघतेय. साइटचे पगार, क्रेनचं भाडं वेगळंच. उरलेला खर्च 42 धरला तर टक्केवारी 53.3 वर येते, महसूल सुमारे 6.67 कोटींनी घटतो. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात, "रेट पाडून घेऊ." तोंडीच, अर्थात.

साइट इंजिनिअरच्या मोजमापवहीशी ताळा घालणार आहे. मागच्या वर्षीचे अंदाज प्रत्यक्ष खर्चाशी ताडून पाहिले तर पुरेल, की आणखी काही मागवू?