मदत हवी आहे: हीप O(n) मध्ये बनते ते गणित पटतंय, पण माझ्या मोजणीत n log n दिसतच नाहीये

पाणकोंबडा

नमस्कार मंडळी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, डेटा स्ट्रक्चर्सची तयारी चालू आहे आणि एका ठिकाणी गाडी अडलीये. आधीपासून हातात असलेल्या अॅरेची मिन-हीप करायची तर दोन रस्ते, एक म्हणजे रिकाम्या हीपमध्ये एकेक आकडा इन्सर्ट करत जायचं, दुसरा म्हणजे अख्खा अॅरे तसाच ठेवून मधल्या इंडेक्सपासून मागे मागे येत सिफ्ट डाउन करायचं. पहिला O(n log n), दुसरा O(n), असं सगळीकडे लिहिलेलं आहे. दुसऱ्याचा माझा कोड हा:

```python
def sift_down(a, i, n):
    while True:
        c = 2*i + 1
        if c >= n: return
        if c + 1 < n and a[c+1] < a[c]: c += 1
        if a[i] <= a[c]: return
        a[i], a[c] = a[c], a[i]
        i = c

for i in range(len(a)//2 - 1, -1, -1):
    sift_down(a, i, len(a))
```

वेळ मोजण्यापेक्षा स्वॅप मोजले म्हणजे मशीनचा प्रश्न येत नाही. `random.shuffle` केलेल्या अॅरेवर इन्सर्टने दर आकड्यामागे सव्वाच्या जरा वर स्वॅप येतात, आणि n हजार असो की दहा लाख, ते तेवढेच राहतात, वाढतच नाहीत! हीपिफायला पाऊणच्या आसपास येतात. मग log n गेला कुठे? दोन्ही O(n) च आहेत का? आणि अजून एक, दोन्ही रस्त्यांनी शेवटचा अॅरे वेगवेगळा येतोय, म्हणजे कुठलातरी कोड चुकलाय का?

तर्री_पोहे

कोड बरोबर आहे तुझा. हीपिफाय फास्ट का, तर अर्धे नोड लीफ असतात, त्यांना हातच लावायचा नसतो, लूप n/2 पासूनच चालू होतो. अर्धं काम तिथेच वाचलं. इंटरव्ह्यूमध्ये मी हेच सांगितलं होतं आणि चाललं.

पाणकोंबडा

@तर्री_पोहे पण दादा, अर्धं वाचलं तरी उरलेल्या n/2 नोडना प्रत्येकी log n धरलं तर n/2 गुणिले log n होतं की, ते काही O(n) नाही. तिथेच तर मी आधी आठवडाभर अडकलो होतो.

जुना_खांब

तर्री_पोहेंचं निम्मं बरोबर आहे. लीफ सुटतात हे खरं, पण खरी बचत पुढे आहे. लीफच्या लगेच वरच्या नोडना उतरायला एकच पायरी असते, आणि हातात घ्यायच्या नोडपैकी निम्मे तेच असतात. त्यांच्या वरचे अजून निम्मे, त्यांना दोन पायऱ्या. log n पायऱ्या उतरायची वेळ फक्त एकट्या रूटवर येते. म्हणजे खर्च साधारण n/4 गुणिले 1, अधिक n/8 गुणिले 2, अधिक n/16 गुणिले 3, असा जातो. ही बेरीज करताना सूत्र आठवत बसू नका, आडव्या ओळी पाडा. प्रत्येक नोडची पहिली पायरी एका ओळीत घ्या, n/4 + n/8 + n/16 असं करत ते n/2 च्या आत. ज्यांना दुसरी पायरी आहे त्यांची दुसऱ्या ओळीत, ते n/4 च्या आत. तिसरी ओळ n/8 च्या आत. सगळं मिळून n च्या पुढे जाऊच शकत नाही. 15 नोडांच्या भरलेल्या झाडावर करून बघा, ओळी येतात 7, 3, 1, बेरीज 11.

इन्सर्टमध्ये याच्या बरोबर उलटं होतं. तिथे आकडा खालून वर चढतो, आणि झाडात गर्दी कुठे तर तळाला. त्याच 15 नोडांत 8 जणांना तीन-तीन पायऱ्या चढायला लागू शकतात, 4 जणांना दोन-दोन, 2 जणांना एक-एक, झाले 34. जास्तीत जास्त लोकांना सगळ्यात लांबचा रस्ता दिला की n log n होणारच. झाड तेच, फक्त चालायची दिशा बदलली.

आता तुमचा मूळ प्रश्न, कारण तो चांगला आहे आणि बरेच जण इथपर्यंत येतच नाहीत. 34 हा वाईटातला वाईट आकडा आहे. रँडम डेटामध्ये नवीन आकडा तळाला येऊन बसतो आणि त्याचे शेजारी, वडील हे तळाजवळचे, म्हणजे बहुतेक मोठेच आकडे असतात, पण नवीन येणाराही बहुतेक वेळा तसाच मध्यम किंवा मोठा असतो. त्यामुळे एखाद-दोन पायऱ्यांत तो थांबतो, रूटपर्यंत पोचायला तो आतापर्यंतच्या सगळ्यांहून लहान असावा लागतो, आणि तसा रँडममध्ये क्वचित येतो. म्हणून सरासरी स्वॅप एका ठराविक आकड्यावर अडकतात, n वाढला तरी. तुमचं मोजमाप बरोबर आहे, रँडम इनपुटवर इन्सर्टसुद्धा सरासरीने O(n) च आहे. पुस्तकातला n log n हा वर्स्ट केसचा आहे, आणि तो बघायचा असेल तर अॅरे उतरत्या क्रमाने द्या.

पाणकोंबडा

आत्ता करून बघितलं! `list(range(n, 0, -1))` दिला, n दहा लाख. इन्सर्टला 1,79,51,445 स्वॅप, म्हणजे दर आकड्यामागे जवळजवळ अठरा. हीपिफाय दहा लाखाच्या आतच राहिलं. n हजार ठेवला तर तोच आकडा आठपर्यंत खाली येतो. हा दिसला log n!! खूप खूप आभार.

पण ते वेगवेगळ्या अॅरेचं राहिलंच. छोटा घेतला, `[7,6,5,4,3,2,1]`. हीपिफायने `[1,3,2,4,6,7,5]` येतो, 4 स्वॅप. इन्सर्टने `[1,4,2,7,5,6,3]` येतो, 10 स्वॅप.

निशिगंधा

दोन्ही बरोबर आहेत. हीपची अट एवढीच की वडील मुलांपेक्षा मोठा नको. भावंडांचा आपसात क्रम काही ठरलेला नसतो, त्यामुळे एकाच डेटाच्या ढीगभर वेगवेगळ्या हीप होऊ शकतात. अॅरे सारखे आहेत का हे तपासू नकोस, 1 पासून पुढच्या प्रत्येक i साठी `a[(i-1)//2] <= a[i]` आहे का एवढं तपास. माझ्या विद्यार्थ्यांच्या टेस्ट याच कारणाने फेल होतात, कोड नीट असतो आणि अपेक्षित उत्तर दुसऱ्या रीतीने काढलेलं असतं.

आणि हातासरशी अजून एक करून बघ, तोच लूप उलटा चालव, 0 पासून पुढे. तुझ्याच अॅरेवर 7 आणि 5 ची अदलाबदल होऊन 5 वर जातो, 6 च्या जागी 3 येतो, उजवीकडच्या 7 च्या जागी 1 येतो आणि तिथेच थांबतं, कारण रूटला आपण परत हात लावत नाही. शेवटी मिळतो `[5,3,1,4,6,2,7]`. सगळ्यात लहान 1 आणि तो रूटच्या खाली बसलाय. सिफ्ट डाउनची अटच ही आहे की खालची दोन्ही उपझाडं आधीच हीप असली पाहिजेत, म्हणून मागून पुढे यायचं. वाईट म्हणजे एरर काही येत नाही, आणि तीन आकड्यांच्या टेस्टमध्ये तर कळतच नाही, कारण तिथे एकच नोड हलवायचा असतो.

मुळशी_ढाबा

म्हणजे हीपसॉर्ट पण O(n) मध्ये होईल ना मग? हीप O(n) मध्ये बनली की सॉर्टच झालं की.

जुना_खांब

नाही हो. हीप बनली म्हणजे फक्त सगळ्यात लहान कोण ते कळलं. सॉर्ट करायला एकेक काढत जायचं, आणि दर वेळी तळाचा आकडा रूटला आणून परत खाली सोडायचा. तो तळाचाच असल्यामुळे बहुतेक वेळा पार तळापर्यंत जातो. तिथे log n सुटत नाही. हीपसॉर्टमध्ये O(n) ची बांधणी घेतली तरी एकूण n log n च राहतं, फक्त सुरुवातीचा भाग हलका होतो. विल्यम्सने 1964 मध्ये हीपसॉर्ट मांडला तो एकेक इन्सर्ट करूनच, खालून बांधायची ही रीत त्याच वर्षी फ्लॉइडने दिली.

डोंबिवली_फास्ट_लोकल

धाग्याला धरून आहे का माहीत नाही पण माझी केस विचारतो. जावामध्ये `PriorityQueue` आहे, तातडीची कामं आधी जावीत म्हणून. आधीच दोनेक लाख कामं आत असतात आणि मधून मधून काही हजारांची लॉट येते, मी `addAll` करतो. ते आतून हीपिफाय करतं का?

निशिगंधा

नाही, `addAll` एकेक करून `add` च करतं. कलेक्शन कन्स्ट्रक्टरला दिलं, `new PriorityQueue<>(list)` असं, तर हीपिफाय होतं. पण त्याला कम्पॅरेटर सोबत देता येत नाही, म्हणजे कामं स्वतः `Comparable` असायला हवीत, नाहीतर त्यांची एकमेकांशी तुलनाच होणार नाही आणि रनटाइमला `ClassCastException` मिळेल.

तर्री_पोहे

मग सरळ सगळं काढून नवीन लिस्ट करून कन्स्ट्रक्टरला दे की, O(n) आहे, addAll पेक्षा केव्हाही बरं.

जुना_खांब

"केव्हाही" नाही. नवीन आलेले m आणि आतले n, तर परत बांधायला n+m च्या प्रमाणात काम, आणि एकेक टाकायला जास्तीत जास्त m log n. दोन लाखाला log साधारण अठरा. पाच हजार नवीन आले तर नव्वद हजार पायऱ्या फार फार तर, आणि परत बांधायचं म्हणजे दोन लाख नोडांवरून हात फिरवायचा. तिथे `addAll` च बरं. लॉट वीस-तीस हजाराची झाली की चित्र बदलू शकतं.

शिवाय नवीन कामांची प्रायॉरिटी कशी असते ते बघा. वेळेच्या क्रमाने असतील, म्हणजे नंतर येणाऱ्याचा आकडा मोठा, तर एकाच तुलनेत जागेवर बसतात, इन्सर्ट जवळपास फुकट. आणि प्रत्येक नवीन काम आधीच्या सगळ्यांपेक्षा तातडीचं असेल तर मात्र प्रत्येक जण रूटपर्यंत चढणार, म्हणजे पाणकोंबडाने उतरता अॅरे दिला तीच गोष्ट.

डोंबिवली_फास्ट_लोकल

आमच्याकडे मिक्स आहे, सकाळी वेळेच्या क्रमाने येतात आणि संध्याकाळी सगळीच "अर्जंट". लॉटचा आकडा पण ठरलेला नाही. तुलना मोजणारा कम्पॅरेटर लावून दोन्ही वेळचं मोजतो आणि इथेच टाकतो.

पाणकोंबडा

मी पण एक मोजतोय, अर्धा अॅरे उतरता आणि अर्धा रँडम. उतरता भाग आधी ठेवला की स्वॅप वेगळे येतात आणि नंतर ठेवला की वेगळे. का ते अजून लागलेलं नाही, कोणाला सुचलं तर सांगा.