‘उस्तवार’, ‘उपकार’ की नुसतं ‘करणं’?

दूरदेशी: धाकटा भाऊ परदेशात, थोरली बहीण आईवडिलांजवळ. त्याने तिला पाठवायचा मजकूर असा आहे: “ताई, तू आईबाबांची जी उस्तवार करतेस त्याबद्दल तुझे आभार. सगळं ओझं तुझ्यावर पडलंय. मी पैशांची मदत करतोच, पण तुझे उपकार फिटणार नाहीत.” यात ‘उस्तवार’ बरोबर बसतो का? मला तो जरा खटकतोय.

ओसरी: उस्तवार नको. ‘कोण एवढी उस्तवार करत बसणार?’ हेच वाक्य आधी कानात वाजतं. त्यात काळजी आहे, पण कटकटही आहे. ‘सुश्रुषा’ लिहा. सु म्हणजे चांगली, म्हणून चांगली सेवा.

जुनी पोथी: शब्द ‘शुश्रूषा’ असा आहे, पहिला शु आणि दुसरा रू दीर्घ. त्यात ‘सु’ नाही. मूळ धातू श्रु, म्हणजे ऐकणं, आणि शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकायला तत्पर असणारा शिष्य त्याची सेवाही करतो, त्यावरून सेवा हा अर्थ आला. आज मात्र हा शब्द आजाऱ्यापुरता उरलाय. गॅस सिलिंडरचा नंबर लावणं, वीजबिल भरणं, बाबांच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाणं याला कुणी शुश्रूषा म्हणत नाही, आणि ताईचा दिवस तर त्यातच जात असणार.

उस्तवार फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ भक्कम, पक्का. मराठीत तो डगडगणाऱ्या गोष्टीला जपून उभं ठेवण्यावर आला, मग ते रोप असो की माणूस. कटकटीची छटा मुळात नाही, वापराने चिकटली.

बाराखडी: आमच्याकडे बाळंतिणीची उस्तवार म्हणतात, त्यात कुरकुर अजिबात नसते.

ओसरी: करणारी स्वतः म्हणते तेव्हा नसेल. लांबचा माणूस म्हणतो तेव्हा ऐकू येते.

सातासमुद्रा: त्यापेक्षा कुलमुखत्यारपत्र पाठवा. भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून घ्या आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ती मुदत चुकली की नोंदणीला अडतं.

दूरदेशी: माहिती उपयोगी आहे, पण प्रश्न शब्दांचा होता!

जुनी पोथी: शब्दाच्या अंगानेही ते अगदीच बाहेरचं नाही. मुखत्यार आणि अखत्यार एकाच अरबी मुळाचे, आणि त्या मुळात निवडण्याची मुभा आहे. तुमच्या मजकुरात ताईकडे काम आहे, अखत्यार कुठेच नाही. डॉक्टर बदलायचा तर ती भावाला विचारणार का, हे त्यात कळत नाही.

आता बाकीचे शब्द. ‘ओझं’ लिहिलंत की ओझं म्हणजे आईबाबा असा अर्थ होतो, आणि ताईचा फोन आई वाचतेच. ‘मदत’ दुसऱ्याच्या कामात करतात. स्वतःच्या आईच्या औषधांना मुलाने मदत केली म्हटलं की ते काम ताईचं ठरतं. ‘आभार’ सख्ख्या बहिणीला परकं करतात. ‘उपकार’ तसा मजकुरातला सर्वांत प्रामाणिक शब्द, कारण काम माझं होतं आणि केलं तिने हे त्यात कबूल आहे. पण ‘फिटणार नाहीत’ म्हटलं की फेडण्यातूनही सुटका झाली.

बाराखडी: मग ‘माझा वाटा तू उचललास’?

ओसरी: भावाबहिणींत ‘वाटा’ म्हटलं की डोळ्यांपुढे सातबारा येतो.

जुनी पोथी: ‘माझ्या वाटचं’ चालेल, ते कामालाच लागतं. आणि क्रियापद साधं ‘करणं’ घ्या. ‘आईचं कोण करतं?’ या प्रश्नात काय करतं ते कुणी विचारत नाही, आंघोळीपासून बँकेपर्यंत सगळं त्यात येतं. फक्त काळ सांभाळा. ‘बाबांचं केलंस’ असं भूतकाळात लिहिलं तर दिवसकार्य किंवा श्राद्ध केल्यासारखं वाटतं. ‘करतेस’ म्हणा. मी असं लिहीन:

“ताई, आईबाबांचं सगळं तू करतेस, त्यात माझ्या वाटचंही आलं. औषधं आणि कामाच्या मावशींचा पगार १ तारखेला माझ्याकडून येईल, हिशेब पाठवू नकोस. दवाखान्याचं तू ठरवशील ते ठरलं, मी मागाहून शंका काढणार नाही. डिसेंबरात तीन आठवडे मी घरी आहे. तेव्हा तू कुठे जायचंस ते आत्ताच ठरव.”

सातासमुद्रा: ‘हिशेब पाठवू नकोस’ उलटं लागेल. खर्च किती वाढलाय हे भावाला कळूनच घ्यायचं नाही असं तिला वाटेल.

जुनी पोथी: हं. ‘हिशेब मागणार नाही’ केलं तर पाठवायची मुभा तिच्याकडे राहते.

दूरदेशी: तसं करतो. उस्तवार काढली.

बाराखडी: काढू नका हो, चांगला शब्द आहे. डिसेंबरात तुम्ही घरी असाल तेव्हा स्वतःसाठी वापरा.