राज्यसेवेचा प्लॅन दरवर्षी तपासायचा कसा? (सल्ला हवा)

दारव्ह्याचा_वावरवाला: बी.एस्सी. कृषी झालं. घरची शेती सांभाळून राज्यसेवेचा अभ्यास करतो, दुसरी पूर्वपरीक्षा हुकली. नाही जमलं तर गावातच कृषी सेवा केंद्र टाकायचं आहे. प्लॅन सोडायचा की चालू ठेवायचा, हे दरवर्षी कशावरून ठरवावं? खर्च ५०० रुपयांच्या आत. पुण्याला जाणं होणार नाही.

कपाशी_किंग: भाऊ, पुण्याला जाच. तिथं वातावरण असते. माझ्या पोराला क्लास लावला, वर्षात फरक पडला.

राजेहो: रोज ८ तास झाले का, ते वहीत लिहा. खुल्या गटात वय ३८ पर्यंत चालते, मागास गटात ४३. घाई काऊन?

वाचनकट्टा_यवतमाळ: तास लिहून काही कळत नाही, तेच पान चारदा वाचलं तरी तास भरतात. आणि वयाची अट आयोगाची आहे, प्लॅनची नाही. वावरवाला, पेपर दोनमध्ये किती सोडवले, किती बरोबर?

दारव्ह्याचा_वावरवाला: ८० पैकी ६० सोडवले. ३२ बरोबर, २८ चूक.

वाचनकट्टा_यवतमाळ: एक प्रश्न अडीच गुणांचा. ३२ चे ८० झाले, २८ चुकांचे साडेसतरा कटले, उरले ६२.५. पात्रतेला ६६ लागतात. इथं अडकलं की पेपर एकचे गुण कितीही चांगले असोत, कामाचे नाहीत. त्या २८ मधले ८ नुसत्या अंदाजाचे असतील आणि ते सोडून दिले असते, तर ६७.५ झाले असते. म्हणून पुढच्या वेळी उत्तरासमोर खूण करा: खात्री, दोनात अडकलो, अंदाज. तिन्ही ढिगांतले बरोबर-चूक वेगळे मोजा.

टप्पा असा लिहा: आयोगाच्या संकेतस्थळावरच्या पेपर दोनच्या तीन जुन्या प्रश्नपत्रिका, दोन तासांचं घड्याळ लावून, तिन्हींत ८० गुणांच्या वर. आधी पाहिलेला पेपर धरायचा नाही, तिथं गुण फुगतात. ही अट निकालाच्या आधी लिहून दुसऱ्याच्या हाती ठेवा. निकालानंतर लिहिली की माणूस ती आपल्या गुणांच्या मापानं कापतो.

कपाशी_किंग: हेच म्हणतो मी, सराव पाहिजे. क्लासमध्ये होतो.

मधुमालती: तपासणी जानेवारीत नको, वेचणी चालू असते. अक्षय तृतीयेला बसा. सालदाराचा हिशेब तेव्हाच होतो, वावरही मोकळं असतं.

वाचनकट्टा_यवतमाळ: तारीख पटली नाही. निकाल कधी लागेल त्याचा नेम नसतो. निकालानंतर पंधरा दिवसांत बसावं.

मधुमालती: मग निकाल लांबला की तपासणीही लांबणार. ठरलेला दिवसच बरा.

राजेहो: आणि दुकानाचं? परवान्याला कृषीची पदवी चालते, ती तर आहेच. दुकान कुठं पळते!

वाचनकट्टा_यवतमाळ: दुकान पळत नाही, भांडवल पळतं. दरवर्षी दुकानासाठी किती पैसे बाजूला पडले, हा दुसरा टप्पा. तो आकडा वाढत नसेल, तर प्लॅन दोन नुसता बोलण्यापुरता आहे.

दारव्ह्याचा_वावरवाला: अट लिहिली, बहिणीकडे दिली. पण तीन पेपरांत ८० नाही, ७५ ठेवले. आणि तपासणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी करतो.

वाचनकट्टा_यवतमाळ: ७५ म्हणजे चार चुकीचे अंदाज जास्त झाले की ७२.५. त्यात एखादं बरोबर उत्तर चुकलं की ६९.३७५. घरच्या गुणांपेक्षा हॉलमधले कमीच येतात. पुन्हा बघा.

राजेहो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असते भाऊ, घरात पोरंच पोरं. बसाल कुठं?